थेंबा, एक तर पसर, नाही तर पळ!

धामणगाव बढ्याच्या बसथांब्यावर जुलैत पावसाच्या सरीत उभं राहून नुसती माणसं बघा. ज्यांना चष्मा नाही ते डोळे बारीक करून मोताळ्याची एस.टी. आली का ते बघतात. ज्यांना चष्मा आहे ते चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाने खसाखसा पुसतात, पुन्हा लावतात आणि दोन मिनिटांत म्हणतात, "काही दिसूनच नाही रायलं!" पुन्हा काढतात, पुन्हा पुसतात. तोवर बस येते, पाटी वाचता येत नाही, मग शेजारच्याला विचारायचं, "भाऊ, कोणती हाय?"

चष्म्यावर पाणी पडलं की दिसत नाही, हे कुणीही सांगेल. पण थांबा. तोंड धुताना बादलीत बघा. वीतभर पाणी असलं तरी बादलीचा तळ स्वच्छ दिसतो. म्हणजे पाणी काही आड येत नाही. मग भिंगावर एवढंसं पाणी पडलं तर समोरची अख्खी बस कशी नाहीशी होते?

दोष पाण्याचा नाही, त्याच्या आकाराचा आहे. बादलीतलं पाणी वरून सपाट असतं, भिंगावरचा थेंब फुगीर असतो. फुगीर आणि पारदर्शक म्हटल्यावर तो स्वतःच एक भिंग झाला! खात्री करून घ्यायची असेल तर दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिचा पारदर्शक भाग वर्तमानपत्रावर ठेवा आणि बोटाने पाण्याचा एक थेंब त्यावर सोडा. थेंबाखालचं अक्षर मोठं दिसेल. मग ती पिशवी ताणून उचला आणि थेंबातून लांबच्या खिडकीकडे बघा. हात स्थिर असला तर खिडकी उलटी दिसेल, जमीन वर आणि आभाळ खाली.

आता अशी पाच-पन्नास छोटी भिंगं तुमच्या नंबरच्या भिंगावर येऊन बसली, तर प्रत्येक भिंग प्रकाश आपापल्या दिशेला वळवणार. तुमचा नंबर डॉक्टरांनी काढला होता एका भिंगासाठी, थेंबांनी तर प्रत्येक ठिकाणी नवाच नंबर देऊन टाकला. रात्री तर आणखी पंचाईत. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, त्यामुळे एका वेळी जास्त थेंबांतून आलेला प्रकाश आत शिरतो, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा एक दिवा थेंबाथेंबात फुटून दहा दिवे होतात.

तर मग थेंबाने काय केलं असतं म्हणजे आपल्याला दिसलं असतं? दोनच गोष्टी. एक तर तो बादलीतल्या पाण्यासारखा अगदी सपाट पसरला असता. नाही तर गोळी होऊन घरंगळून पळून गेला असता. तो करतो नेमकं मधलं. धड पसरत नाही, धड पळत नाही, अर्धवट टेकाड करून बसून राहतो. भिंगाला लावायचे जेवढे म्हणून उपाय आहेत, ते सगळे या दोनपैकी एका वाटेने जातात, पसरवायचं किंवा पळवायचं. आणि गंमत म्हणजे या दोन वाटा एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

आधी पळवायची वाट बघू. तिचा उस्ताद तुमच्या न्हाणीमागेच उभा असेल, सांडपाण्यावर माजलेला अळू. आपल्याकडे कुणी त्याला चमकोरा म्हणतं, कुणी धोपा. वड्यांसाठी पानं कापायला जाल तेव्हा एका पानावर पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे गोल होतात, पान जरा हललं की इकडून तिकडे पळतात आणि पान कोरडं ते कोरडंच. आता त्याच पानाचा रुपयाएवढा भाग अंगठ्याने चांगला चोळा आणि तिथे थेंब सोडा. चोळलेल्या जागी पाणी चिकटेल, बाजूला मात्र अजून मोतीच. (नंतर हात साबणाने धुवा. अळूचा चीक लागला की किती खाजतं ते तुम्हाला माहीत असेलच.)

अंगठ्याने तुम्ही नक्की काय पुसलंत? सूक्ष्मदर्शकाखाली अळूचं पान गुळगुळीत नसतं. त्यावर बारीक बारीक उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे त्याहूनही बारीक कण. थेंब फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, खाली खळग्यांत हवा भरलेली असते. म्हणजे थेंबाचा बराचसा भाग पानावर नसतोच, तो हवेवर बसलेला असतो. मग चिकटणार कशाला? जर्मनीतल्या बॉन शहरातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट हे निरनिराळी पानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असत. तपासण्याआधी पानं धुवावी लागत. पण कमळासारखी काही पानं कधी धुवावीच लागत नाहीत, ती स्वच्छच असतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या निरीक्षणावरून पुढे १९९७ साली त्यांनी आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी सविस्तर शोधनिबंध लिहिला, आणि या करामतीला कमळाचं नाव मिळालं. अळूचं नाही मिळालं याचं मला अजून वाईट वाटतं.

थेंब किती गोल आहे हे मोजायला शास्त्रज्ञ एक कोन मोजतात, स्पर्शकोन. थेंब पृष्ठभागाला जिथे टेकतो तिथे त्याची कड किती अंशांनी उभी आहे, तो हा कोन. पाणी पूर्ण पसरलं तर शून्य अंश. अर्धा चेंडू ठेवल्यासारखं बसलं तर ९० अंश. अळू आणि कमळाच्या पानावर तो १५० अंशांच्याही वर जातो.

मग चष्म्यालाही अळूच्या पानासारखे उंचवटे का देत नाहीत? कारण त्यातून दिसणार नाही. प्रकाशलहरींची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. पानावरचे उंचवटे त्याच्या कितीतरी पट मोठे असतात. भिंगावर ते आले तर प्रकाश विखुरला जाईल आणि भिंग न्हाणीच्या खिडकीतल्या धुरकट काचेसारखं होईल. शिवाय अंगठा फिरवला की अळूचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच. चष्मा तर आपण दिवसातून दहादा पुसतो. पान चुरगळलं तर अळूला नवं पान येतं, भिंगाला नवं भिंग कुठून फुटणार?

म्हणून चष्मेवाल्यांनी दुसरी युक्ती काढली. पृष्ठभाग गुळगुळीतच ठेवायचा, पण त्यावर असे रेणू उभे करायचे ज्यांना पाण्याशी काही देणं-घेणं नाही. चष्म्याच्या दुकानात "अँटी-ग्लेअर हवं का?" असं विचारतात ना, त्या चांगल्या प्रतीच्या कोटिंगमध्ये बहुधा हा सगळ्यात वरचा थर असतो. आपण 'काच' म्हणतो ते भिंग बहुतेक वेळा प्लॅस्टिकचं असतं. त्यावर आधी ओरखड्यांपासून वाचवणारा हार्ड कोट, त्यावर चकाकी मारणारे काही पातळ थर, आणि सगळ्यात वर पाणी पळवणारा थर. त्यातल्या रेणूच्या एका टोकाला सिलिकॉन असतं, ते खालच्या थराला घट्ट धरून बसतं. दुसऱ्या टोकाला फ्लोरिन असतं, त्याला पाणीही नको आणि तेलही नको. हा थर मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढा जाड असतो. तुमच्या डोक्यावरच्या केसाची जाडी त्याच्या काही हजार पट भरेल.

गुळगुळीत भिंगावर या थराने स्पर्शकोन ११० अंशांच्या आसपास जातो. अळूच्या १५० पुढे हे काहीच नाही, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर १२० च्या फारसं पुढे जाताही येत नाही. म्हणून पाणी पळवणारा चष्मा घेतला की पावसात भिंग कोरडं राहील, असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. मग फरक पडतो तरी किती? चला, हिशोबच करू. वहीचं मागचं पान घ्या.

पावसाचा एक थेंब २ मिलिमीटर व्यासाचा धरू. साध्या भिंगावर स्पर्शकोन ६० अंशांच्या आसपास असेल तर हा थेंब पडल्यावर सव्वातीन मिलिमीटर रुंदीचं टेकाड होऊन बसतो. कोटिंगवाल्या भिंगावर तोच थेंब अंग चोरून, जेमतेम सव्वादोन मिलिमीटरची जागा अडवतो. क्षेत्रफळ काढलं तर साध्या भिंगावर सुमारे ८ चौरस मिलिमीटर, कोटिंगवर सुमारे ४. म्हणजे थेंब तेवढेच पडले तरी झाकली जाणारी जागा निम्मी. दुसरा फायदा पुढचा. कोटिंगवर दोन-तीन थेंब एकमेकांना भेटून मोठे झाले की घसरून खाली जातात आणि मागे ओल ठेवत नाहीत. साध्या भिंगावर थेंब बराच मोठा होईपर्यंत हटून बसतो, आणि घसरलाच तर मागे ओली शेपटी सोडून जातो.

आता हा चष्मा घालून पावसात निघू. धो धो पाऊस, तासाला ५० मिलिमीटरच्या वेगाने. (हवामान खातं २४ तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला जोरदार म्हणतं, म्हणजे ५० मिलिमीटर एका तासात हे काय प्रकरण आहे ते कळलं ना?) वारा नाही, पाऊस सरळ खाली पडतोय. २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने खाली येतो.

तुम्ही शाळेकडे चालत निघालात. चालण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या जरा आत. तुम्ही पुढे जाताय म्हणून पाऊस तुम्हाला किंचित समोरून आल्यासारखा वाटतो, उभ्या रेषेपासून फक्त १२ अंश तिरका. डोक्याला ७ सेंटिमीटर पुढे आलेली टोपी असेल तर टोपीच्या खाली ३० सेंटिमीटरपर्यंत पाऊस पोचतच नाही. चष्मा सोडा, हनुवटीसुद्धा कोरडी! रेनकोटची नुसती टोपी चष्म्याचं रक्षण करत नाही ती एवढ्यासाठीच, तिला पुढे कड नसते. आत एक साधी क्रिकेटची टोपी घाला आणि वर रेनकोटची टोपी चढवा. पाणी पळवणाऱ्या कोणत्याही फवाऱ्यापेक्षा हा उपाय भारी आहे, असं माझं ठाम मत.

आता त्याच टोपीने मोटारसायकलवर बसा. (कायद्याने चार वर्षांवरच्यांना हेल्मेट लागतं, टोपी आपण फक्त हिशोबापुरती घालतोय.) वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. थेंब खाली येतोय साडेसहाने आणि तुम्ही पुढे जाताय दहाने. पाऊस आता ५७ अंश तिरका झाला, वरून कमी आणि समोरून जास्त. ७ सेंटिमीटरच्या टोपीची सावली फक्त साडेचार सेंटिमीटर. भिंगाचा खालचा भाग उघडाच पडला.

आणि टोपीच नसेल तर? चालताना एका भिंगावर सेकंदाला साधारण एक थेंब आपटतो. मोटारसायकलवर सात-आठ! म्हणजे १० सेकंदांत ८० थेंब धरा. एका भिंगाचं क्षेत्रफळ १,५०० चौरस मिलिमीटरच्या आसपास असतं. साध्या भिंगावर ८० थेंबांनी ६४० चौरस मिलिमीटर जागा गेली, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या वर. कोटिंगवर ३०० च्या आसपास, म्हणजे पाचवा हिस्सा. हिशोब ढोबळ आहे, खरे थेंब लहानमोठे असतात, काही आपटून उडून जातात, काही एकमेकांवर पडतात. पण एक गोष्ट त्यातून दिसते. कोटिंगने दहा सेकंदांत जे होणार होतं ते वीस सेकंदांवर गेलं, एवढंच. पायी चालणाऱ्याला तेवढं पुरतं, थेंब घसरायलाही वेळ मिळतो. ताशी ३६ च्या वेगाने राजूर घाट चढणाऱ्याला ते पुरत नाही. त्याच्यासाठी चष्म्यापुढे आणखी काहीतरी हवं, आणि ते म्हणजे हेल्मेटचा पारदर्शक व्हायझर.

मोटारसायकलवरच्या बाबांनी व्हायझर खाली केला, चष्म्यावर एकही थेंब नाही. झालं काम? छे! आता दुसरंच संकट सुरू होतं. श्वासातली वाफ बाहेर जायला जागा नाही, व्हायझर आणि चष्मा पावसाने गार झालेले, आणि बघता बघता दोन्ही आतून पांढरे होतात. हाच प्रकार तुमच्या बाबतीत भरलेल्या एस.टी.त चढल्यावर होतो. बाहेर भिजून चष्मा गार झालेला असतो, आणि आत पन्नास जणांचा श्वास, ओले कपडे, बंद खिडक्या. बसमधली दमट हवा गार भिंगाला लागली की तिच्यातली वाफ तिथेच पाणी होऊन बसते. रेनकोटची बटणं हनुवटीपर्यंत लावली तरी तेच. श्वासाला वाट मिळते ती वर, थेट चष्म्याकडे.

ही वाफ म्हणजे काय? तेही थेंबच, फक्त इतके बारीक की वेगळे दिसत नाहीत. आणि इथे पळवण्याची वाट साफ फसते. थेंब जितका लहान तितका तो जास्त हट्टी. खाली ओढणारं वजन नावाला, आणि भिंगाला धरून ठेवणारी पकड त्या मानाने मोठी. अळूच्या पानावर मोठा थेंब कसा पळतो! पण चष्म्याच्या कोटिंगवर वाफेचे बारीक थेंब गोल गोल होऊन लाखोंनी बसून राहतात.

म्हणून इथे दुसरी वाट घ्यायची, पसरवायची. थेंबांना एकमेकांत मिसळून सपाट व्हायला लावायचं. पाण्याचा पृष्ठताण त्याला फुगीर ठेवतो, साबण तो ताण कमी करतो. भांडी घासायच्या द्रवाचा अगदी एक थेंब व्हायझरच्या आतल्या बाजूला बोटाने सगळीकडे पसरवा, वाळू द्या, मग मऊ कोरड्या फडक्याने हलकेच फिरवत पुसा, आरपार दिसेपर्यंत. साबणाचा डोळ्यांना न दिसणारा थर मागे राहतो. वाफ त्यावर आली की थेंब होण्याऐवजी पातळ पडदा होऊन पसरते, आणि सपाट पाण्यातून दिसतं हे आपण बादलीत पाहिलंच आहे. काही तासांनी थर निघून जातो, पुन्हा लावायचा. समुद्रात बुडी मारणारे पाणबुडे तर आपल्या मुखवट्याच्या काचेत आतून चक्क थुंकतात, चोळतात आणि खळबळून टाकतात. कारण हेच, लाळेने पाणी पसरतं. बसमध्ये हा प्रयोग करू नका म्हणजे झालं.

हा साबण बाहेरच्या बाजूला लावला तर? पहिल्या सरीतच वाहून जाईल, आणि चष्म्याला बाहेरून लावला असेल तर ओघळून डोळ्यांत उतरेल आणि मग काय झोंबेल! म्हणून बाहेरून पळवणारा, आतून पसरवणारा. एकाच व्हायझरच्या दोन बाजूंना दोन उलट उपाय, आणि दोन्ही बरोबर. त्याच्या जोडीला व्हायझर बोटभर उघडा ठेवायचा, म्हणजे श्वास बाहेर जातो. एस.टी.त बसलेल्यांचं काम याहून सोपं, फक्त वाट बघायची. चढल्या चढल्या चष्मा पुसायचा नाही. भिंग गार आहे तोवर पुसलं की पुन्हा वाफ बसते. दोन-तीन मिनिटांत भिंग बसच्या हवेइतकं गरम होतं आणि वाफ आपली आपण उडून जाते.

आता येऊ त्या सदऱ्याच्या टोकाकडे. चष्म्याचं सगळ्यात जास्त नुकसान पाऊस करत नाही, हे टोक करतं. (आज्यांच्या लुगड्याचा पदर आणि काकांचा दुपट्टा हेही त्याच टोळीतले.) आपल्या भागातली माती काळी, ओली असताना लोण्यासारखी. ट्रक शेजारून गेला की तिचे शिंतोडे चष्म्यावर. त्या चिखलात रस्त्यावरची बारीक वाळूही असते, आणि वाळूचा कण भिंगाच्या हार्ड कोटपेक्षाही टणक असतो. कोरड्या फडक्याने दाबून पुसलं म्हणजे तोच कण भिंगावर घासत नेला. अळूच्या पानावर अंगठा फिरवला होता तसंच हे, फरक इतकाच की इथे अंगठ्याला वाळू लावलेली.

म्हणून आधी पाणी, मग बोट, मग फडकं. चिखल उडाला असेल तर चष्मा पाण्याच्या धारेखाली धरा आणि कण वाहून जाऊ द्या. घरी असाल तर भांड्याच्या द्रवाचा थेंब ओल्या बोटांनी दोन्ही बाजूंना फिरवा, कडांच्या खाचेत आणि नाकाच्या पॅडमागेही, कारण तेल तिथेच साठतं. धुवा, झटका आणि स्वच्छ सुती कापडाने टिपा. पुसू नका, टिपा. वाटेत असाल तर दप्तरात दोन कापडं हवीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली, एक ओलं टिपायला आणि दुसरं शेवटी हात फिरवायला. पिशवी नसेल तर कापड दप्तरातच भिजतं, आणि ओल्या कापडाने पुसलेल्या चष्म्यावर पाण्याचे फराटे तेवढे उठतात.

धुण्याच्या पाण्याचीही एक गंमत आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात कुणी नातेवाईक असतील तर त्यांना विचारा. तिथल्या बोअरच्या पाण्याने चष्मा धुऊन तसाच वाळवला की पांढरे ठिपके उमटतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि पुढचा थेंब त्या ठिपक्यालाच येऊन धरतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. म्हणून पाऊस चांगला लागून अर्धा तास झाला की अंगणात, पन्हाळीखाली नव्हे तर उघड्या आभाळाखाली, एक स्वच्छ पातेलं ठेवा. शेवटचं धुणं त्या पाण्याने करा. ज्या पावसाने दिवसभर छळलं, तोच चष्मा धुवायला सगळ्यात चांगला!

भिजलेला चष्मा चुलीजवळ किंवा गॅसजवळ धरून मात्र सुकवायचा नाही. गरम झालं की प्लॅस्टिक बरंच फुगतं, वरचे पातळ थर तेवढे फुगत नाहीत, आणि मग त्यांना कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. त्या भेगा पुसून जात नाहीत. गाडीच्या समोरच्या काचेवर मारायचं पाणी पळवणारं औषध घरात दिसलं तरी ते चष्म्यावर नको. ते खऱ्या काचेसाठी बनवलेलं असतं, त्यातली रसायनं प्लॅस्टिकचं भिंग, त्याचं कोटिंग आणि फ्रेमचा रंग, यातलं काय बिघडवतील ते सांगता येत नाही.

तुमच्या चष्म्याला पाणी पळवणारा थर आहे का, आणि असला तर अजून शाबूत आहे का, हे आत्ताच बघता येईल. चष्मा साबणाने धुऊन, टिपून घ्या, भिंग आडवं धरा आणि बोटाच्या टोकावरून थेंब थेंब पाणी सोडा, आधी मधोमध, मग कडेला. मग भिंग हळूहळू उभं करा आणि बाजूने बघा. कोटिंग असेल तर थेंब टपोरे राहतील आणि जरा मोठे झाले की घसरून जातील. दुकानात नवा चष्मा घेताना दुकानदाराला नमुन्याच्या भिंगावर मार्कर पेनाने रेघ ओढून दाखवायला सांगा. चांगल्या कोटिंगवर शाई टिकत नाही, आकसून तिचे ठिपके होतात आणि रेघ तुटते. तुमच्या स्वतःच्या चष्म्यावर पेन चालवू नका.

जुन्या चष्म्यावर बहुतेक वेळा एक मजेशीर नकाशा दिसतो. कडेला थेंब अजून टपोरे, मध्ये मात्र पाणी चिकटून पसरलेलं. कारण पुसताना अंगठा नेहमी मधोमध फिरतो आणि कडेपर्यंत क्वचितच पोचतो. तो थर निर्वात पेटीत, रसायनाची वाफ करून भिंगावर बसवलेला असतो, त्यामुळे एकदा झिजला की दुकानदाराला तो बसल्या जागी परत लावता येत नाही. फवाऱ्याच्या बाटल्या मिळतात, त्यांचा असर थोडेच दिवस टिकतो. तेव्हा मधला भाग झिजलेला दिसला आणि नंबरही बदलायला आलेला असेल, तर नवी भिंगं पावसाळ्याच्या तोंडावर घ्या, मे महिन्यात. दिवाळीत घेतली तर पुढच्या जूनपर्यंत अंगठ्याला सात महिने मिळतात.